लाइन बसवताना बंद राहिलेलं प्रॉडक्शन खर्चात धरलं, की कोटेशनचा क्रमच बदलतो

मेहुण्याचा भांडुपला गाळा आहे. तिथे भांडी घासायचं लिक्विड बनवतात आणि ५०० मिलीच्या बाटल्यांत भरतात. जुनी लाइन अर्धी हाताची, दिवसाला ६,००० बाटल्या निघतात आणि निघतात तेवढ्या सगळ्या विकल्या जातात. नवी लाइन पूर्ण ऑटोमॅटिक, दिवसाला १०,००० ची. तो मागच्या रविवारी दोन कोटेशन घेऊन घरी आला, चहा व्हायच्या आतच म्हणाला, "दाजी, सरळ आहे ना, पहिलं ६४ लाखाचं आहे, दुसरं ७२ चं, वर गोडाऊनचा खर्च, पहिलंच घेतो, तुम्ही फक्त बँकेचा प्रोजेक्ट रिपोर्ट करून द्या."

मी कॉस्टिंगचं काम करतो, त्यामुळे घरातले सगळे मला फुकटचा रिपोर्टवाला समजतात, ते असो. पण त्याच्या शीटमध्ये एक ओळच नव्हती. पहिल्या पर्यायात जुनी लाइन काढून त्याच जागी नवी बसवायची म्हणजे गाळा महिनाभर बंद, आणि तेवढे दिवस जो माल बनणार नाही त्याचं नुकसान कुठेच लिहिलेलं नव्हतं. का नाही, तर "तो काय खर्च आहे का, कोणाला चेक थोडीच द्यायचाय." इथेच बहुतेक जण फसतात म्हणून हे सविस्तर लिहितोय, ज्यांना असाच निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी. आकडे त्याच्याच गाळ्याचे आहेत, थोडे गोल केलेले, जीएसटी बाजूला ठेवून.

आधी पर्याय काय आहेत ते.

पहिला: गाळा बंद करा, जुनी लाइन काढा, फरशी करून घ्या, नवी बसवा, चालू करा. मुंबईत बहुतेक जण हेच करतात कारण दोन लाइन शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी जागा असते कोणाकडे.

दुसरा: गाळ्यात जो तयार माल आणि रिकाम्या बाटल्यांचा ढीग पडलाय तो चार महिने भिवंडीच्या गोडाऊनमध्ये हलवा, त्या मोकळ्या पट्टीत नवी लाइन लावा, जुनी चालू ठेवा, नवी नीट चालायला लागली की जुनी काढा. यात कन्व्हेयरला दोन वळणं जास्तीची द्यावी लागतात, विजेचं तात्पुरतं वेगळं पॅनल आणि वाढीव लोड लागतो, व्हेंडरची माणसं दोनदा येतात, म्हणून मशिनचंच कोटेशन ६४ ऐवजी ७२ लाख. वर गोडाऊनचं भाडं महिन्याला ५० हजार आणि रोज एक टेम्पो भिवंडीला जाऊन येऊन ३,५०० रुपये, चार महिन्यांचे मिळून साधारण ५.६ लाख.

तिसरा त्याच्या डोक्यात नव्हता, तो मी टाकला: पहिलाच पर्याय, पण बंद करायच्या आधी दीड महिना ओव्हरटाइम करून माल साठवायचा.

आता त्या न लिहिलेल्या ओळीत आकडा किती टाकायचा. मी त्याला म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, "बाटलीला अडीच रुपये नफा सुटतो, तेवढंच नुकसान ना." चूक. आणि त्याच्या पार्टनरने फोनवर सांगितलं की ४२ रुपयांची बाटली आहे, दोन लाख दहा हजार बाटल्या गेल्या तर ८८ लाखाचा धंदा बुडाला. तेही चूक. एक जण पाच लाख म्हणतोय, दुसरा ८८ लाख, आणि दोघे त्याच बाटलीबद्दल बोलतायत!

खरं काय तर, बाटली बनलीच नाही तर ४२ रुपये येत नाहीत हे बरोबर, पण त्या बाटलीसाठी लागणारं केमिकल १६ रुपयांचं, बाटली-झाकण-लेबल-खोका १२ चा, भाडं आणि डिस्ट्रिब्युटरची स्कीम ३ ची, वीज वगैरे १ रुपया, असे ३२ रुपये खर्चही होत नाहीत. राहिले १० रुपये. हेच काँट्रिब्युशन, आणि बुडतं ते एवढंच. आता या १० मधून गाळ्याचं भाडं, कायम कामगारांचा पगार, सुपरवायझर, बँकेचा हप्ता असे साडेसात रुपये भागतात म्हणून नफा अडीच दिसतो, पण गाळा बंद ठेवला म्हणून मालक भाडं सोडतो का? पगार थांबतो का? म्हणून अडीच धरलं की नुकसान चौथ्या हिश्श्यावर येतं. आणि उलट टोकाची एक चूक मी पाहिलीय ती म्हणजे १० रुपयांनी बुडालेलं काँट्रिब्युशन धरायचं आणि वर "बंद काळातले पगार" म्हणून वेगळी ओळ टाकायची. पगार लाइन चालू असती तरी द्यायचेच होते, ते त्या १० रुपयांतूनच जाणार होते, दोनदा मोजले की झाला घोळ.

एक बारीक गोष्ट. त्या १ रुपयातले साधारण ६० पैसे ठेक्याच्या लोडिंगवाल्यांचे आहेत. कागदावर ते बंद काळात वाचतात. पण मेहुणा म्हणाला, "त्यांना महिनाभर सोडलं तर ते शेजारच्या गाळ्यात चिकटतील, परत कोण देणार मला?" म्हणजे तो त्यांना बसवून पैसे देणार. मग ते वाचत नाहीत, नुकसान १० चं १०.६० होतं. मी खाली १० च धरलंय, पण तुमच्याकडे अशी माणसं जास्त असतील तर हे सोडू नका.

पुढचा प्रश्न दिवसांचा, आणि खरी मारामारी इथेच आहे. व्हेंडर म्हणाला १८ दिवस. कोटेशन नीट वाचलं तर त्यात बारीक अक्षरात होतं, "साइट रेडी झाल्यापासून". साइट रेडी म्हणजे जुनी लाइन निघालेली, फरशी झालेली, पॅनलपर्यंत केबल आलेली. आम्ही दोघांनी वहीच्या पानावर लिहून काढलं. जुनं सोडवून बाहेर काढायला ४ दिवस. फरशी उखडून लेव्हल करून काँक्रीट टाकायला आणि ते पक्कं व्हायला ८, यात घाई केली की वर्षभराने मशिन थरथरतं. मशिन जागेवर बसवून कन्व्हेयर जोडायला १०. वायरिंग आणि हवेची लाइन ४. ट्रायल ४. झाले ३० कामाचे दिवस, तेही सगळं नीट झालं तर.

आणि तिसाव्या दिवशी बटण दाबलं की १०,००० बाटल्या येत नाहीत. हे लिक्विड फेसाळतं. जुन्या लाइनवर पोरं हाताने नोझल जरा वर-खाली करून फेस सांभाळायची, नव्या मशिनला ते शिकवावं लागतं, म्हणजे नोझल बाटलीच्या तळापर्यंत जाऊन भरत भरत किती वेगाने वर यायचं ते सेट करायचं. तोवर काय होतं की बाटली गळ्यापर्यंत भरलेली दिसते, फेस बसला की दोन बोटं कमी. मग वजन करा, बाजूला काढा, परत ओता. त्याच्या ओळखीच्या एकाकडे पहिले दहा दिवस निम्मंच प्रॉडक्शन निघालं होतं, म्हणून आम्ही पहिले १० दिवस ६,००० ऐवजी ३,००० धरले. लोक बंद दिवस मोजतात पण चालू झाल्यानंतरचे हे लंगडे दिवस विसरतात.

म्हणजे पहिल्या पर्यायात न बनलेल्या बाटल्या किती? बंद दिवसांच्या १,८०,००० आणि लंगड्या दिवसांच्या ३०,०००, एकूण २,१०,०००. दुसऱ्या पर्यायात नवी लाइन फेस काढत असताना जुनी शेजारी चालूच असते, त्यामुळे फक्त टाक्यांची पाइपलाइन बदलायचे २ दिवस जातात, १२,००० बाटल्या.

आता, न बनलेली प्रत्येक बाटली कायमची गेली असं नसतं. काही गिऱ्हाईक थांबतं, नंतर जास्त उचलतं. पण किती? इथे लोक मनाला येईल तो टक्का टाकतात, "आपले डिस्ट्रिब्युटर जुने आहेत, निम्मे तरी थांबतील." मी त्याला म्हटलं, अंदाज नको, खातं काढ. दोन वर्षांपूर्वी त्याची मोटर जळून गाळा ९ दिवस बंद होता. तेव्हा ५४,००० बाटल्या कमी गेल्या. पुढच्या दोन महिन्यांच्या बिलांत नेहमीपेक्षा जास्त गेलेल्या बाटल्या मोजल्या तर साधारण ११,०००. म्हणजे पाचातली एक परत आली, चार गेल्या. किराणावाल्याच्या फळीवरची जागा रिकामी राहत नाही हो, आज तुमची बाटली नाही तर उद्या दुसऱ्याची लागते, आणि बाईनेही ती नेली की विषय संपला. आधी कधी तुमचं मशिन बंद पडलं असेल तर हा आकडा तुमच्याच बिलबुकात पडलेला असतो, तो काढा.

आणि हेही लिहून ठेवतो की ही सगळी भानगड लाइन फुल चालत असेल तरच. तुमची लाइन ६,००० ची आहे पण विक्रीच ४,००० ची असेल तर बंद काळातला माल आधी-नंतर आरामात निघतो, नुकसान जवळपास शून्य, मग गुपचूप स्वस्त कोटेशन घ्या. मेहुण्याचं तसं नव्हतं.

बाहेरून भरून घ्यायचा पर्यायही पाहिला, वसईकडे एक-दोघांकडे विचारलं. पण याची बाटली वाकड्या आकाराची, तिच्यासाठी मशिनचे सुटे भाग बदलावे लागतात, ते एका महिन्याच्या कामासाठी कोणी करायला तयार नाही. बाटली साधी गोल असेल तर नक्की विचारा, कारण कोणी ४ रुपये जादा घेऊन भरून देत असेल तर तुमचं नुकसान बाटलीला १० नाही, ४ च.

आता तिसरा पर्याय, माल साठवायचा. रोज अडीच तास जास्त आणि चार रविवार (बदली सुट्टी देऊन), असे दीड महिन्यात १२० तास, तासाला ७५० बाटल्या म्हणजे ९०,००० बाटल्या साठतात. तुम्ही विचाराल, एवढा ओव्हरटाइम जमतो तर नवी लाइन कशाला? मीही हेच विचारलं. दीड महिना जमतो. वर्षभर नाही जमत, माणसं थकतात आणि ते जुनं मशिन तर रडतंच. ओव्हरटाइम डबल रेटने, १४ माणसं, तासाला १५०, मिळून २.५ लाख. साठवलेल्या मालात साधारण २६ लाख अडकतात, पण थोडे थोडे अडकतात आणि थोडे थोडे सुटतात, त्याचं व्याज ३० हजाराच्या आसपास येतं. (तुम्ही शीटमध्ये हे २६ लाख बाहेर जाताना आणि परत येताना दाखवून डिस्काउंट करत असाल तर व्याज वेगळं धरू नका.) आणि खोके ठेवायला परत भिवंडी, दोन महिने, टेम्पोसकट १.६ लाख.

९०,००० साठवल्या तर न मिळणाऱ्या राहिल्या १,२०,०००, त्यातला पाचवा हिस्सा परत येतो, कायमच्या गेल्या ९६,००० म्हणजे ९.६ लाख. पहिल्या पर्यायात २,१०,००० मधल्या १,६८,००० कायमच्या गेल्या, १६.८ लाख. सगळं शेजारी शेजारी, लाखांत:

| | बंद करून | शेजारी लावून | साठवून मग बंद |
|---|---|---|---|
| लाइन आणि बसवणं | ६४ | ७२ | ६४ |
| गोडाऊन, टेम्पो | – | ५.६ | १.६ |
| ओव्हरटाइम, व्याज | – | – | २.८ |
| बुडालेलं काँट्रिब्युशन | १६.८ | १.० | ९.६ |
| एकूण | ८०.८ | ७८.६ | ७८.० |

शेवटून दुसरी ओळ बोटाने झाका. पहिला पर्याय ६४, तिसरा ६८.४, दुसरा ७७.६, मेहुणा म्हणत होता तसंच, पहिला दुसऱ्यापेक्षा साडेतेरा लाखाने स्वस्त. बोट काढा, पहिला सगळ्यात महाग. मेहुणा दोन-तीनदा बोट ठेवून-काढून बघत बसला, मग म्हणाला "मायला".

पण खाली ७८.६ आणि ७८.० बघून तिसराच घ्या असं मी म्हणणार नाही, ६० हजाराचा फरक म्हणजे फरकच नाही. अजून दोन गोष्टी बघायच्या.

एक, कर. बुडालेलं काँट्रिब्युशन पुस्तकात मशिनच्या किमतीत जात नाही, सीएला विचाराल तर तो सांगेल मशिन आणणं-बसवणं-ट्रायल एवढंच किमतीत धरता येतं, बंद काळातलं नुकसान नाही. बरोबर आहे त्याचं. पण पुस्तकात मशिनखाली दिसत नाही म्हणजे प्रोजेक्टचा खर्च नाही असं नव्हे, तो त्या वर्षीच्या नफ्यातून आपोआप कमी झालेला असतो, म्हणून त्यावरचा करही त्याच वर्षी वाचतो. मेहुण्याची कंपनी २२ टक्क्यांच्या रेटमध्ये आहे, सरचार्ज-सेस धरून २५.१७, सोयीला पाव हिस्सा म्हणू. दुसऱ्या पर्यायातल्या जादा ८ लाखांवरही पाव हिस्सा म्हणजे २ लाख कर वाचतो, पण तो १५ टक्के घसाऱ्याने वर्षानुवर्षं ठिबकत येतो, आजच्या किमतीत १२ टक्क्यांनी काढला तर १.१ लाखच. त्यामुळे कर धरल्यावर ६४ लाखांच्या वरचा बोजा पहिल्यात १२.६, दुसऱ्यात ११.९ आणि तिसऱ्यात १०.५ लाख होतो. क्रम तोच, पण तिसरा आता १.४ लाखाने पुढे.

दोन, उशीर. आणि माझ्या मते सगळा निर्णय यावरच आहे. तिसऱ्या पर्यायात ३० दिवसांचे ३५ झाले तर साठवलेला माल आधीच संपलेला असतो, त्यामुळे पुढचा प्रत्येक दिवस पूर्ण नुकसानीचा. ६० हजारातला पाचवा हिस्सा परत येतो धरलं आणि कर वजा केला तर दिवसाला ३६ हजार. दुसऱ्या पर्यायात उशीर झाला तर जुनी लाइन चालूच आहे, फक्त गोडाऊन-टेम्पोचे, कर जाऊन दिवसाला ४ हजार. म्हणजे फरक दिवसाला ३२ हजारांचा. १.४ लाखाला ३२ हजारांनी भागा, चार दिवस. चार दिवसांपेक्षा जास्त उशीर होईल असं वाटत असेल तर शेजारी लावा, नाही तर साठवून बंद करा. हा चारचा आकडा कोणत्याही कोटेशनमध्ये मिळणार नाही, तो तुमचा तुम्हालाच काढावा लागतो, आणि एकदा निघाला की चर्चा "कुठलं स्वस्त" वरून "हा व्हेंडर चार दिवसांत राहील का" वर येते, ज्याचं उत्तर द्यायला त्याच्या आधीच्या दोन गिऱ्हाइकांना फोन केला तरी पुरतं. मेहुण्याने केला. एक म्हणाला आठवडा उशीर, दुसऱ्याने शिव्याच दिल्या.

म्हणजे आत्ता ताबडतोब करायचं तर शेजारी लावा, मी तिथल्या तिथे सांगितलं.

रोख पैशाचं एक वेगळंच दुखणं आहे, ते टेबलात दिसत नाही. याची उधारी ४५ दिवसांची. गाळा बंद झाला तरी पहिला दीड महिना आधीच्या बिलांचे पैसे येत राहतात, सगळं छान वाटतं. भोक पडतं ते नंतर, नवी लाइन चालू होऊन चकाचक दिसत असते तेव्हा, कारण बंद महिन्याची बिलंच नाहीत, आणि नेमकं तेव्हाच केमिकलचा नवा माल भरायचा असतो. बँकेचं टर्म लोन मशिनला मिळतं, या भोकाला नाही. म्हणून बंद करायच्या दोन्ही पर्यायांत महिन्याचे पगार-भाडं मिळून साधारण १२ लाख हाताशी हवेत, आणि ते लाइन चालू झाल्यानंतरच्या महिन्यासाठी जपून ठेवायचे.

आता यात मे महिना आला आणि सगळं परत फिरलं. मेहुणाच म्हणाला, "दाजी, पण मे पासून अर्ध्या जूनपर्यंत माझी निम्मी माणसं गावाला असतात, तेव्हा ४,००० च निघतात." मग आधी का नाही बोललास रे! नुकसान मोजायचं ते लाइन बसवली नसती तर जेवढं निघालं असतं त्याच्याशी, मशिनच्या क्षमतेशी नाही. त्या दीड महिन्यात दिवसाला ४,००० च निघणार होत्या तर बंद ठेवून तेवढ्याच जातात. ३० दिवसांच्या १,२०,००० आणि लंगड्या दिवसांत ४,००० ऐवजी ३,००० म्हणून अजून १०,०००, एकूण १,३०,०००. नेहमीच्या महिन्यातल्या २,१०,००० च्या जागी.

पण लगेच खूश व्हायचं नाही. तो दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये मे साठी थोडा ओव्हरटाइम करतोच. म्हणजे त्या १२० तासांतले निम्मे आधीच लागलेले आहेत, तेच तास लाइनच्या नावावर परत मोजले तर स्वतःलाच फसवणं झालं. म्हणून जादा साठा ९०,००० नाही, ४५,००० च धरला. ओव्हरटाइम आणि व्याजही निम्मं. कायमच्या गेलेल्या बाटल्या ६८,०००, म्हणजे ६.८ लाख. गोडाऊन तेच १.६. कर धरून ६४ च्या वरचा बोजा ७.३ लाखांवर आला. शेजारी लावण्यापेक्षा साडेचार लाखांनी कमी, आणि नेहमीच्या महिन्यात साठवून बंद करण्यापेक्षा तीन लाखांनी.

मग मे पर्यंत थांबायचं का? थांबण्याचीही किंमत आहे. नवी लाइन आल्यावर सुरुवातीला रोज १,५०० बाटल्या जादा विकल्या जातील असा त्याचा हिशोब, डिस्ट्रिब्युटरने मागितलेल्याच आहेत, म्हणजे महिन्याला ३.९ लाख काँट्रिब्युशन, कर जाऊन २.९. एक महिना थांबलात की तीन लाखांची बचत साफ. हेच जर आज ऑक्टोबर असता आणि मशिन तयार असतं तर मे ची वाट बघणं वेडेपणा होता, शेजारी लावून मोकळा हो म्हटलं असतं. पण आत्ता ॲडव्हान्स दिला तर व्हेंडर मशिन देणार २० एप्रिलच्या आसपास. थांबायचं म्हणजे फक्त दहा दिवस, किंमत लाख-सव्वा लाख. ते वजा करूनही शेजारी लावण्यापेक्षा सव्वातीन-साडेतीन लाख हातात राहतात, म्हणजे व्हेंडरने दहा दिवस उशीर केला तरी आपण बरोबरीत. चारचे दहा झाले.

व्हेंडर मात्र मार्चमध्येच मशिन देतो म्हणाला असता, किंवा मे चं जून झालं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. जून अर्धा झाला की माणसं परत, दिवस परत ६,००० चा, वर पाऊस, ओल्या गाळ्यात फरशी लवकर वाळत नाही. त्यामुळे डिलिव्हरी १० मे च्या पुढे सरकली तर सरळ दुसऱ्या कोटेशनवर जायचं असं ठरलंय, भिवंडीच्या गोडाऊनवाल्याला तेवढ्यासाठी टोकन देऊन ठेवलंय.

परवा ऑर्डर निघाली. उशिराचा दंड व्हेंडर मानायला तयार नव्हता, शेवटी शेवटचे १० टक्के पेमेंट ट्रायलमध्ये सलग तीन दिवस रोज ६,००० पूर्ण भरलेल्या बाटल्या निघाल्यावर, यावर तयार झाला. आणि "साइट रेडी झाल्यापासून" हे शब्द मेहुण्याने पेनाने खोडून वर लिहिलं, "जुन्या लाइनचा स्विच बंद केल्यापासून", पुढे दोघांच्या सह्या. जुनं काढायचं आणि फरशीचं कामही आता व्हेंडरच्याच गळ्यात आहे, त्याचे त्याने ७० हजार जादा लावले. दोन दिवसांचं काँट्रिब्युशन पण नाही ते.